तेरीज जुळत नाहीये, 940 चा फरक येतोय: चूक कुठे शोधायची आणि सस्पेन्स कधी लावायचा

दरवर्षी एप्रिल उजाडला की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच, आणि परीक्षा जवळ आली की अकरावी-बारावीची पोरं नि लेखा लिपिकाची तयारी करणारेही तेच विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. उदाहरण घरचंच घेतो. मामाचं हार्डवेअरचं छोटं दुकान आहे, अजून वह्यांवरच चालतं. रोकडवही, खरेदीवही, विक्रीवही आणि एक जाडजूड खतावणी, बस्स. वर्षअखेर मी तेरीज काढली तर डेबिटची बेरीज आली 6,42,380 आणि क्रेडिटची 6,43,320. म्हणजे डेबिट 940 ने कमी.

अशा वेळी सगळे जे करतात तेच मीही केलं. आधी खतावणीत 940 चा आकडा शोधला, नाही मिळाला. मग निम्मे करून 470 शोधला, तोही नाही. मग 9 ने भागून बघितलं तर 104.44, म्हणजे भागच जात नाही. तिन्ही युक्त्या फेल. इथेच बरेच जण वैतागून वही मिटतात, पण खरं तर या तीन युक्त्या कशासाठी आहेत आणि कधी चालत नाहीत हे आधी नीट समजून घेतलं पाहिजे.

पूर्ण फरकाएवढा आकडा शोधायचा तो यासाठी, की एखादी रक्कम एकाच बाजूला टाकली गेली आणि दुसरीकडे टाकायची राहिली, किंवा एखाद्या खात्याची बाकी तेरजेत उतरवायचीच राहिली. निम्मा आकडा शोधायचा तो यासाठी, की रक्कम चुकीच्या बाजूला पडली की फरक दुप्पट येतो, कारण एका बाजूला तेवढी कमी झाली आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच वाढली. आणि 9 चं गणित आहे आकड्यांच्या आदलाबदलीचं. 5,910 च्या जागी 5,190 लिहिलं तर फरक 720, त्याला 9 ने भागलं की 80. हा 80 नुसता भागाकार नाही, तो जागासुद्धा दाखवतो. 80 म्हणजे दहाच्या घरात 8, म्हणजे दशक आणि शतक या दोन घरांतले आकडे उलटलेत आणि त्या दोन आकड्यांत 8 चा फरक आहे, म्हणजे 9 आणि 1, नाहीतर 8 आणि 0. तेवढेच आकडे असलेल्या रकमा खतावणीत बघायच्या, सगळी वही चाळायची गरज नाही. फक्त एक लक्षात ठेवा, शून्य जास्तीचं पडलं तरी फरकाला 9 ने भाग जातो, 80 चे 800 झाले तरी 720 च येतो. म्हणून दोन्ही शक्यता बघायच्या.

पण या सगळ्याला एक अट आहे, चूक एकच असली पाहिजे. दोन-तीन चुका एकत्र आल्या की फरक त्यांच्या बेरीज-वजाबाकीतून तयार होतो आणि मग त्या आकड्याला काही अर्थच उरत नाही. माझ्या 940 चं हेच झालेलं, ते पुढे दिसेलच. त्यामुळे "9 ने भाग जात नाही म्हणजे आदलाबदल नाहीच" असा निष्कर्ष कधी काढू नका, त्याच वहीत 720 ची आदलाबदल निघाली.

मग शोधायचं कसं, तर उलटीकडून, म्हणजे तेरजेकडून मागे मागे वहीपर्यंत यायचं. आधी तेरजेच्याच दोन्ही बेरजा परत करायच्या, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर, कारण त्याच दिशेने परत केली तर डोकं तीच चूक परत करतं. नंतर खतावणीतली प्रत्येक बाकी तेरजेत आलीय का, आणि योग्य बाजूला आलीय का ते टिकमार्क करत बघायचं. इथे रोख आणि बँक सगळ्यात जास्त राहतात कारण त्यांची बाकी खतावणीत नसते, रोकडवहीत असते. मग मागच्या वर्षाच्या ओपनिंग बाक्या. इथपर्यंत माझं सगळं बरोबर निघालं, सुमारे तासाभराचं काम. त्यानंतर खात्यांच्या बाक्या परत काढायच्या, आणि मग दुय्यम वह्यांच्या बेरजा. सगळ्यात शेवटी एकेक नोंद वहीतून खतावणीत टिक करत जायचं, कारण ते सगळ्यात वेळखाऊ.

दरम्यान बँकेला कॅश क्रेडिटसाठी आकडे द्यायचे होते म्हणून मी तेरजेत डेबिट बाजूला "सस्पेन्स 940" लिहून जुळवून टाकलं. नियम इतकाच, जी बाजू कमी आहे त्या बाजूला सस्पेन्स. डेबिट कमी म्हणून सस्पेन्सला डेबिट बाकी, ताळेबंदात ती मालमत्तेकडे. क्रेडिट कमी असती तर क्रेडिट बाकी, ताळेबंदात देण्याकडे. हा प्रश्न एका मार्काला हमखास येतो आणि "तेरजेची डेबिट बाजू जास्त आहे, सस्पेन्स कुठे" असं फिरवून विचारला की निम्मे लोक डेबिट लिहून येतात. डेबिट जास्त म्हणजे क्रेडिट कमी, सस्पेन्स क्रेडिटला. मनात "कमी कोण?" एवढंच विचारायचं.

आता चुका कशा सापडल्या ते. पहिली खरेदीवहीत. पानाच्या तळाशी 23,450 बेरीज बरोबर होती, पण पुढच्या पानाच्या डोक्यावर "मागील पानावरून" म्हणून 22,450 उतरवलेले. महिन्याची बेरीज 1,000 ने कमी पडली आणि तीच खरेदी खात्याला गेली. व्यापाऱ्यांची खाती मात्र बरोबर होती, कारण त्यांना एकेका बिलावरून पोस्टिंग होतं, बेरजेवरून नाही. ही गोष्ट मनात पक्की करा, अर्ध्या एमसीक्यू याच्यावरच उभ्या असतात.

दुसरी मामाच्या एका गिऱ्हाइकानेच पकडून दिली. त्याच्याकडे 900 येणं होतं, त्याने 450 दिले, आणि आमच्या वहीत बाकी 1,350. "अहो पैसे दिले तर बाकी वाढते का तुमच्याकडे" असं तो सगळ्यांसमोर बोलला, मामा चिडला, पण चूक आमचीच होती. 450 त्याच्या खात्याच्या क्रेडिटला पडायच्या ऐवजी डेबिटला पडलेले, म्हणजे 900 चा फरक. बघा, 450 ची चूक पण खात्यात 900 ने गडबड.

तिसरी वीजबिलाची, रोकडवहीत 5,910 आणि खतावणीत 5,190, म्हणजे डेबिट 720 ने कमी. चौथी अगदीच किरकोळ, रोकडवहीच्या डेबिट बाजूच्या कसर कॉलमची बेरीज 120, ती दिलेल्या कसरीच्या खात्याला डेबिट करायचीच राहिलेली. हा कॉलम म्हणजे नुसतं टिपण असतं, त्याची बेरीज खतावणीत हाताने न्यावी लागते, म्हणून ती विसरायचीच जागा आहे.

आता हिशेब करा. डेबिट कमी पडायला कारण 1,000 अधिक 720 अधिक 120, एकूण 1,840. गिऱ्हाइकामुळे डेबिट जास्त 900. वजा केलं की 940. दुरुस्तीच्या नोंदी अशा: खरेदी डेबिट 1,000, वीज डेबिट 720, कसर डेबिट 120, तिन्हींना क्रेडिट सस्पेन्स. आणि सस्पेन्स डेबिट 900, क्रेडिट गिऱ्हाईक. सस्पेन्स खात्याच्या डेबिटला सुरुवातीचे 940 आणि हे 900, मिळून 1,840, क्रेडिटलाही 1,840, खातं बंद. नवी तेरीज दोन्हीकडे 6,43,320.

इथे मी खूश झालो होतो, पण दोन दिवसांनी बिलांची फाइल लावताना 3,500 च्या लोखंडी रॅकचं उधारीचं बिल दिसलं, आणि ते आम्ही खरेदीवहीत मालाच्या बिलांबरोबर घातलेलं. रॅक दुकानात वापरायला आणलेला, विकायला नाही, म्हणजे फर्निचर. पण खरेदीही डेबिट आणि फर्निचरही डेबिटच, तेरजेला काहीच कळलं नाही. नोंद फर्निचर डेबिट, खरेदी क्रेडिट, सस्पेन्सचा संबंध नाही. म्हणजे सस्पेन्स शून्य झालं याचा अर्थ एकांगी चुकांचा ताळा लागला एवढाच.

तेरजेला न कळणाऱ्या चुका साधारण अशाच असतात: व्यवहार लिहायचाच राहिला, मूळ वहीतच रक्कम चुकली, योग्य बाजूला पण भलत्याच खात्याला पोस्ट केलं, भांडवली नि महसुली खर्चाची सरमिसळ झाली (रॅकचं हेच), किंवा दोन चुकांनी एकमेकींना झाकलं. पाठ करायला हरकत नाही पण परीक्षेत नुसती यादी पाठ असून भागत नाही, कारण प्रश्न "ही कुठल्या प्रकारची चूक" एवढं विचारून थांबत नाही, "दुरुस्तीची नोंद कोणती" विचारतो.

त्यासाठी माझी पद्धत एकच आहे. कच्च्या कागदावर दोन ओळी लिहायच्या. पहिली ओळ, खतावणीत प्रत्यक्षात काय पडलं. दुसरी ओळ, काय पडायला हवं होतं. पहिल्या ओळीत डेबिट आणि क्रेडिट सारखं असेल तर सस्पेन्स येत नाही, मग चूक कितीही भयंकर दिसू दे. सारखं नसेल तर सस्पेन्स येतंच, आणि जेवढ्याने सारखं नाही तेवढ्यानेच येतं.

उदाहरणं घेऊ. "5,400 चं खरेदी बिल खरेदीवहीत 4,500 लिहिलं." पोरं 900 बघतात, 9 ने भाग जातो, लगेच सस्पेन्स. चूक. वहीतच 4,500 लिहिलं म्हणजे खरेदी खात्यालाही बेरजेतून 4,500 गेले आणि व्यापाऱ्यालाही 4,500 च. पहिली ओळ सारखी आहे. उत्तर खरेदी डेबिट 900, व्यापारी क्रेडिट 900. आता हाच प्रश्न एक शब्द बदलून: "5,400 खरेदीवहीत बरोबर लिहिलं पण व्यापाऱ्याच्या खात्याला 4,500 पोस्ट केलं." आता खरेदी 5,400, व्यापारी 4,500, सारखं नाही. उत्तर सस्पेन्स डेबिट 900, व्यापारी क्रेडिट 900. सगळा खेळ "वहीत लिहिलं" आणि "खात्याला पोस्ट केलं" यातला आहे, हे दोन शब्द प्रश्नपत्रिकेत अधोरेखित करा, पेन्सिलने का होईना.

याच्यापेक्षा कडू म्हणजे परतीच्या वह्या. "महेशने 300 चा माल परत केला, तो खरेदी परत वहीत लिहिला." खरेदी परत वहीत नाव आलं म्हणजे महेशला डेबिट 300 झाले आणि खरेदी परत क्रेडिट 300. पहिली ओळ सारखी. हवं होतं विक्री परत डेबिट, महेश क्रेडिट. म्हणून विक्री परत डेबिट 300, खरेदी परत डेबिट 300, महेश क्रेडिट 600. पर्यायात 300 चाही असतो, 600 चाही असतो, आणि सस्पेन्सवालाही असतो, तिन्ही एकाच नजरेत खरे वाटतात. महेशला 300 ने चुकीचं डेबिट झालंय, ते काढायला 300 आणि खरं क्रेडिट द्यायला 300.

आणि मग परीक्षक त्यातच शेपूट लावतो: "...खरेदी परत वहीत लिहिला, पण महेशच्या खात्याला बरोबर क्रेडिट केलं." आता पहिली ओळ लिहा, खरेदी परत क्रेडिट 300, महेश क्रेडिट 300. डेबिट कुणालाच नाही! क्रेडिट 600 ने जास्त. उत्तर विक्री परत डेबिट 300, खरेदी परत डेबिट 300, सस्पेन्स क्रेडिट 600. महेशला हातच लावायचा नाही कारण तो बरोबर आहे. "पण" हा शब्द दिसला की थांबा, सस्पेन्स बहुतेक त्या "पण" च्या मागेच दडलेलं असतं.

आता उलटा प्रकार, फरक दिलेला असतो आणि कारण ओळखायचं असतं. असा बघा:

तेरजेची क्रेडिट बाजू 270 ने जास्त आहे. खालीलपैकी कोणत्या एका चुकीमुळे हे होईल?
अ) टपाल खर्चाचे 135 टपाल खात्याच्या क्रेडिटला पोस्ट केले
ब) 270 ची उधार विक्री लिहायचीच राहिली
क) खरेदीवहीची बेरीज 270 ने जास्त झाली
ड) गणेशकडून मिळालेले 630 त्याच्या खात्याला 360 पोस्ट केले

घाईत लोक "ड" करतात, कारण 630 आणि 360 उलटलेत, फरकही नेमका 270, 9 ने भागही जातो, सगळं जुळतं. पण दिशा जुळत नाही. गणेशला क्रेडिट कमी पडलं म्हणजे डेबिट बाजू जास्त होईल. "क" मध्येही डेबिटच जास्त. "ब" चा तेरजेवर परिणामच नाही. उरला "अ", 135 डेबिटऐवजी क्रेडिटला, म्हणून 270 ने क्रेडिट जास्त, तेच उत्तर. म्हणून रक्कम जुळली की टिक मारू नका, आधी दिशा बघा, त्याने दोन पर्याय तर तिथेच उडतात.

अजून एक वाक्य ज्यावर मार्क जातात: "तेरीज काढण्यापूर्वी चूक लक्षात आली". तेव्हा सस्पेन्स खातं अजून जन्मालाच आलेलं नसतं. एकांगी चूक असेल तर कीर्दनोंद होतच नाही, थेट त्या खात्यात एका बाजूला खुलासा लिहून रक्कम टाकायची. आमची 1,000 ची चूक तेरजेआधी सापडली असती तर खरेदी खात्याच्या डेबिटला "मार्चच्या खरेदीवहीत बेरीज कमी धरल्याबद्दल 1,000" एवढंच लिहिलं असतं. पर्यायांत "खरेदी डेबिट, सस्पेन्स क्रेडिट" दिलेलं असतं आणि ते दिसायला बरोबर असतं, पण वेळ चुकलेली असते. दोन्ही बाजू चुकल्या असतील तर मात्र आधी काय नि नंतर काय, नोंद तीच.

नफ्यावरचे प्रश्न पण येतात. मामाच्या वहीत समजा दुरुस्तीआधी नफा 48,000 निघाला असता. खरेदी, वीज, कसर मिळून 1,840 खर्च वाढला, तेवढा नफा कमी. गिऱ्हाइकाच्या 900 चा नफ्याशी संबंध नाही, ते वैयक्तिक खातं. रॅकचे 3,500 खरेदीतून निघाले, नफा तेवढा वाढला. म्हणजे 49,660, रॅकचा घसारा अजून धरायचाय. इथे लोक 940 च वजा करून टाकतात, सस्पेन्स म्हणजे जणू तोटाच. ते साफ चूक. सस्पेन्सच्या समोर कोणतं खातं आलं ते बघायचं, उत्पन्न-खर्चाचं असेल तरच नफा हलतो.

जे टॅलीवर काम करतात ते म्हणतील आम्हाला हे सगळं कशाला. खरंय, व्हाउचरमध्ये डेबिट-क्रेडिट सारखं झाल्याशिवाय ते सेव्हच होत नाही, त्यामुळे 450 उलट्या बाजूला वगैरे प्रकार तिथे एकांगी होत नाहीत. पण ओपनिंग बाक्या भरताना एखादी राहिली की ट्रायल बॅलन्सच्या खाली Difference in opening balances अशी ओळ येते, ती म्हणजे सस्पेन्सचाच सख्खा भाऊ. ती दिसली की यावर्षीची व्हाउचरं उघडत बसू नका, मागच्या वर्षीचा ताळेबंद समोर धरा आणि लेजरच्या ओपनिंग बाक्या एकेक जुळवा, खासकरून ज्यांची बाकी डेबिट असायला हवी ती क्रेडिट भरली गेलीय का ते. आणि इथेही रॅकची चूक टॅलीला दिसणार नाहीच, ती मला बिलांच्या फाइलमध्येच सापडली होती.